काळाविना क्रियापद: ल, ग्वो आणि ज

मँडरिन चिनी भाषेत क्रियापदाचे रूप बदलत नाही. 'जाणे' या अर्थाचे छ्यु हे क्रियापद 'मी', 'ती' आणि 'ते लोक' या सगळ्यांसोबत तसेच राहते, आणि काल, आज, उद्या यांच्यासोबतही तसेच राहते. मराठीतल्या गेलो, गेली, जाते, जाईन, जायचो या रूपांचे काम तिथे क्रियापदाकडे नाहीच. कधी घडले हे सांगायचे असेल तर ज्वोथ्येन (काल), मिंगथ्येन (उद्या), छ्युन्येन (गेल्या वर्षी) असा शब्द येतो, आणि तो एकदा येऊन गेला की पुढची कितीतरी वाक्ये त्याच्याच आधाराने चालतात. काळ संदर्भावरून कळत असेल तर तो शब्दही येत नाही.

क्रियापदाच्या मागे मात्र तीन छोटे शब्द लागू शकतात: ल, ग्वो आणि ज. तिन्हींचा उच्चार हलका, आघाताविना होतो. चिनीच्या चार सुरांपैकी एकही त्यांच्यावर चढत नाही. सुरुवातीच्या पाठ्यपुस्तकांत त्यांची गाठ लवकर पडते. एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेच्या २०१० च्या आराखड्यात दुसऱ्या पातळीला ३०० शब्द होते आणि त्यांत हे तिन्ही होते. त्यामुळे नवशिक्यांच्या स्वाध्यायात 'गाळलेल्या जागा भरा' हा प्रश्न आला की कंसात ल, ग्वो, ज ठेवलेले असतात आणि विद्यार्थी वाक्यातला काळ शोधू लागतो. 'काल' दिसले की ल, 'पूर्वी' दिसले की ग्वो आणि 'आत्ता' दिसले की ज, असा त्याचा हिशोब असतो. काही वाक्यांत तो जमतो, म्हणून पक्का होतो, आणि मग पुढे बराच काळ त्रास देतो.

हे तीन शब्द काळ सांगत नाहीत. घडलेली, घडणारी किंवा घडू शकणारी गोष्ट बोलणारा कशी पाहतो आहे, हे ते सांगतात. सुरुवातीपासून शेवटापर्यंत एक पुरी घटना म्हणून पाहिले तर ल लागतो. कुणाच्या तरी गाठीशी जमा झालेला अनुभव म्हणून पाहिले तर ग्वो लागतो. टिकून राहिलेली अवस्था म्हणून पाहिले तर ज लागतो. भाषाशास्त्रात या पाहण्याला क्रियाव्याप्ती म्हणतात. तिन्ही शब्द मुळात पूर्ण क्रियापदे होती. ल 'संपणे' या अर्थाच्या क्रियापदातून आला, ग्वो 'ओलांडणे, पार होणे' यातून आणि ज 'चिकटणे' यातून. शतकानुशतके दुसऱ्या क्रियापदांमागे वापरले जाऊन ते झिजले, पण संपणे, पार होणे आणि चिकटून राहणे हे तीन अर्थ आजही त्यांच्यात जाणवतात. नियम विसरला तरी एवढे आठवले तर बऱ्याच जागा बरोबर भरता येतात.

पुढच्या उदाहरणांत चिनी शब्द देवनागरीत जवळपासच्या उच्चाराने लिहिले आहेत, सूर दाखवलेले नाहीत, आणि हे तीन शब्द क्रियापदापासून वेगळे दिसावेत म्हणून मध्ये छोटी रेघ दिली आहे. चिनी लिखाणात अशी रेघ नसते.

ल पासून सुरुवात करावी, कारण सर्वाधिक चुका त्याच्याच वाट्याला येतात. 'वो माय-ल सान बन शू' म्हणजे 'मी तीन पुस्तके विकत घेतली'. इथे ल बसतो तो 'घेतली' हा भूतकाळ आहे म्हणून नव्हे, तर तीन पुस्तके या मापाने घटनेला दोन्ही टोके मिळाली म्हणून. गाळलेल्या जागेच्या उजवीकडे संख्या, माप किंवा कालावधी दिसला तर ल असण्याची शक्यता खूप वाढते. तो 'तीन' काढून टाकला आणि नुसते 'वो माय-ल शू' म्हटले, तर चिनी माणसाला वाक्य अर्धवट वाटते. पुस्तक घेतले, बरे, मग पुढे काय, अशी त्याची अपेक्षा राहते. पुढे 'ज्यो ह्वेइ ज्या' (आणि घरी गेलो) असे जोडले की तेच वाक्य पुरे होते.

ल चा काळाशी थेट संबंध नाही, याचा सर्वांत चांगला पुरावा उद्याच्या वाक्यात मिळतो. 'मिंगथ्येन श्या-ल ख, वो ज्यो छ्यु जाओ नी.' अर्थ: 'उद्या तास सुटला की मी तुझ्याकडे येतो.' घटना उद्याची आहे, अजून घडलेली नाही, तरी श्या या क्रियापदामागे ल आहे, कारण दुसरी गोष्ट सुरू होण्यापूर्वी पहिली पुरी व्हायला हवी. मराठी विद्यार्थ्याला हे अवघड जाऊ नये. 'उद्या तास सुटला की' यात मराठीही भूतकाळाचे म्हणून शिकवले जाणारे 'सुटला' हे रूप उद्यासाठी वापरते. 'पाऊस थांबला की निघू', 'तो आला की सांग' ही रोजची वाक्ये त्याच घडणीची आहेत. मराठीत जिथे '-ला की' बसते, तिथे चिनीत बहुतेक वेळा पहिल्या क्रियापदामागे ल बसतो.

उलट बाजूने, गोष्ट स्पष्टपणे भूतकाळातली असूनही ल येत नाही अशा जागा पुष्कळ आहेत, आणि स्वाध्यायांतले सापळे मुख्यतः इथेच असतात. 'छ्युन्येन वो छांगछांग छ्यु योयोंग' म्हणजे 'गेल्या वर्षी मी नेहमी पोहायला जायचो'. छांगछांग (नेहमी) किंवा मेइथ्येन (दररोज) असले की गोष्ट सवयीची होते. तिला टोक नसते, म्हणून ल नाही. 'असणे', 'आवडणे', 'वाटणे', 'इच्छा असणे' ही क्रियापदे घटना सांगत नाहीत, स्थिती सांगतात, म्हणून 'लहानपणी मला चहा आवडायचा' या वाक्यात शीह्वान (आवडणे) मागे काहीच लागत नाही. 'तो म्हणाला' यानंतर त्याचे बोलणे येत असेल तर श्वो (म्हणणे) मागेही जागा रिकामीच राहते. मराठीत 'जायचो, करायचो, आवडायचा' असे रूप सहज बसत असेल, तर चिनीत त्या जागी ल भरण्यापूर्वी थांबावे. ही खूण शंभर टक्के नाही, पण नवशिक्यांच्या पातळीवर ती फारशी दगा देत नाही.

ल ची खरी गुंतागुंत अशी की वाक्याच्या अगदी शेवटी येणारा आणखी एक ल आहे. लिहायचे अक्षर तेच, उच्चार तोच, काम मात्र वेगळे. 'श्या यू ल' म्हणजे 'पाऊस आला' किंवा 'पाऊस पडायला लागला'. हे बोलले जाते त्या क्षणी पाऊस पुरा झालेला नाही, उलट सुरू झाला आहे. इथला ल सांगतो की स्थिती बदलली, आधी नव्हते ते आता आहे. 'वो बू ह छा ल' म्हणजे 'मी आता चहा घेत नाही', म्हणजे पूर्वी घ्यायचो, आता सोडला. नकारार्थी आणि वर्तमानकाळी वाक्यातसुद्धा हा ल येतो, त्यामुळे 'ल म्हणजे भूतकाळ' हे समीकरण इथे पूर्णच मोडते. ल्यू शूश्यांग यांच्या संपादनाखाली १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आधुनिक चिनीतील आठशे शब्दांचे उपयोग सांगणाऱ्या कोशात हे दोन ल वेगळे मांडले आहेत, आणि तेव्हापासून पाठ्यपुस्तकांत त्यांना पहिला ल आणि दुसरा ल म्हणण्याची पद्धत रुळली आहे.

एकाच वाक्यात दोन्ही ल आले तर फरक नीट दिसतो. 'वो श्वे-ल सान न्येन हानयू' म्हणजे 'मी तीन वर्षे चिनी शिकलो'. ती तीन वर्षे एक पुरा तुकडा आहेत, पुढे शिकणे चालू राहिले की नाही ते वाक्य सांगत नाही, आणि ऐकणारा बहुधा थांबले असे धरतो. त्याच वाक्याच्या शेवटी आणखी एक ल लावला, 'वो श्वे-ल सान न्येन हानयू ल', की अर्थ होतो 'मला चिनी शिकायला लागून तीन वर्षे झाली', आणि शिकणे बहुधा अजून चालू आहे. गाळलेली जागा वाक्याच्या शेवटी असेल तर ग्वो आणि ज यांचा विचार करण्यापूर्वी हा दुसरा ल तपासावा. शब्द यीजिंग (आधीच, एव्हाना) वाक्यात असला तर तो जवळजवळ हमखास असतो.

ग्वो अनुभव सांगतो. 'था छ्यु-ल जोंगग्वो' आणि 'था छ्यु-ग्वो जोंगग्वो' या दोन वाक्यांतला फरक मराठीत असा उतरतो: 'तो चीनला गेला' आणि 'तो चीनला जाऊन आलेला आहे'. (देशाच्या नावातला ग्वो हा वेगळा शब्द आहे, त्याला सूर असतो आणि त्याचा अर्थ देश.) पहिल्या वाक्यात तो गेला, कदाचित अजून तिथेच आहे. दुसऱ्यात जाणे केव्हातरी घडून मागे पडले, आणि माणूस आता तिथे नाही.

हा फरक किती खरा आहे हे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्याबद्दल चिनीत लिहायला बसले की कळते. सोलापूरचे कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तिथे त्यांना ख दीह्वा हे चिनी नाव मिळाले, आणि १९४२ च्या डिसेंबरात तिथेच त्यांचे निधन झाले. 'ख दीह्वा १९३८ मध्ये चीनला गेले' या वाक्यात छ्यु-ल बरोबर बसतो: ठरावीक साल, एक पुरी घटना. छ्यु-ग्वो वापरला तर ते जाऊन परत आले असा भास होतो, जो त्यांच्या बाबतीत खोटा आहे. त्याच माणसाबद्दल 'त्यांनी चीनमध्ये काम केलेले आहे' असे म्हणायला मात्र गोंगज्वो-ग्वो (काम केलेले असणे) अगदी योग्य आहे, कारण काम करणे संपले आणि ते त्यांच्या आयुष्याचा भाग म्हणून उरले. माणूस एकच, देश एकच, वर्षेही तीच, फक्त क्रियापद बदलले आणि उत्तर बदलले. काळ पाहून हे ठरवता येत नाही.

ग्वो मध्ये दडलेला 'आता तसे नाही' हा अर्थ इतर क्रियापदांतही दिसतो. 'था-द थ्वेइ द्वान-ल' म्हणजे 'त्याचा पाय मोडला', आणि तो अजून मोडलेलाच असू शकतो. द्वान-ग्वो म्हटले की पाय पूर्वी केव्हातरी मोडला होता आणि आता बरा आहे. म्हणूनच जी गोष्ट एकदाच घडते आणि परत फिरत नाही, जसे मरणे किंवा म्हातारे होणे, तिच्या मागे ग्वो सहसा लागत नाही. ग्वो चे नेहमीचे सोबती छोंगलाय मेइ (कधीच नाही) आणि यीछ्येन (पूर्वी) हे आहेत. वाक्यात ठरावीक दिवस आला म्हणून ग्वो बाद होतो असे मात्र नाही. 'मी गेल्या वर्षी तिथे जाऊन आलो आहे' असे सांगायचे असेल तर छ्युन्येन सोबतही ग्वो चालतो.

एक अपवाद रोजच्या बोलण्यात फार येतो. 'नी छ-ग्वो फान ल मा?' म्हणजे 'जेवण झालं का?' इथे आयुष्यात कधी जेवलात का असे कुणी विचारत नाही. नेहमी होणारे काम आजच्यापुरते आटोपले का, एवढाच त्याचा अर्थ असतो. या ग्वो सोबत शेवटचा ल येऊ शकतो, तीच त्याची खूण.

ज टिकलेली अवस्था दाखवतो. 'मन खाय-ज' म्हणजे 'दार उघडे आहे'. दार कुणी उघडले, केव्हा उघडले याच्याशी या वाक्याला कर्तव्य नाही. 'छ्यांग-शांग ग्वा-ज यी जांग ह्वा' म्हणजे 'भिंतीवर एक चित्र लावलेले आहे'. मराठीतले '-लेला आहे' हे रूप इथे फार उपयोगी पडते: लावलेले आहे, घातलेले आहे, लिहिलेले आहे, ठेवलेले आहे. ही सगळी ज ची ठिकाणे.

चूक होते ती '-त आहे' या रूपामुळे. 'था छ्वान-ज होंग यीफु' म्हणजे 'तिने लाल कपडे घातलेले आहेत'. 'ती कपडे घालत आहे' म्हणायचे असेल तर क्रियापदाच्या मागे ज नाही, तर पुढे जाय हा शब्द येतो: 'था जाय छ्वान यीफु'. चालू असलेली हालचाल जाय कडे आणि हालचालीनंतर टिकलेली स्थिती ज कडे, अशी ढोबळ वाटणी नवशिक्याने करून ठेवावी. पाहणे, ऐकणे, वाट पाहणे अशा क्रियापदांत दोघांच्या सीमा एकमेकींत मिसळतात, पण कपडे, दारे, भिंती आणि बसणे-उभे राहणे यांत ती वाटणी पक्की आहे.

ज आणखी एका ठिकाणी येतो: दोन क्रिया एकाच वेळी चालू असल्या की पार्श्वभूमीच्या क्रियेमागे. 'था ज्वो-ज खान शू' म्हणजे 'तो बसून वाचतो आहे'. मराठी विद्यार्थ्याची इथे एक खास अडचण आहे, जी त्याच्या पाठ्यपुस्तकात क्वचितच लिहिलेली असते. मराठीचे '-ऊन' दोन कामे करते. 'बसून वाचतो' यात बसणे आणि वाचणे सोबत चालते, पण 'जेवून निघतो' यात जेवण संपते आणि मग निघणे होते. पहिल्या '-ऊन' ला चिनीत ज लागतो, दुसऱ्याला ल. मनातल्या मराठी वाक्यात दोन्हीकडे '-ऊन' च असल्याने हात चुकतो. तेव्हा दोन क्रिया एकत्र चालल्या आहेत की एकीमागून एक, हे आधी स्वतःला विचारावे.

ज ला कालावधीचे मोजमाप चालत नाही. 'मी अर्धा तास वाट पाहिली' यात 'वाट पाहणे' ही लांबणारी क्रिया आहे म्हणून दंग-ज लिहावेसे वाटते, पण 'अर्धा तास' या शब्दांनी तिला शेवट दिला, त्यामुळे दंग-ल हेच बरोबर. कालावधी लिहिलेला दिसला की ज खोडून टाकावा.

नकाराचा नियम वेगळा लक्षात ठेवायला हवा. घडले नाही हे मेइ किंवा मेइयो या शब्दाने सांगतात आणि त्यासोबत पहिला ल येत नाही. 'काल मी पुस्तक घेतले नाही' म्हणजे 'ज्वोथ्येन वो मेइ माय शू'. मराठीत 'घेतले' हे रूप नकारातही टिकते, म्हणून मेइ माय-ल असे चुकून लिहिले जाते. कारण सरळ आहे: घटनाच घडली नाही, तर तिला पुरी घटना म्हणून कसे पाहणार? अनुभव नसणे मात्र सांगता येते, त्यामुळे ग्वो नकारातही राहतो: मेइ छ्यु-ग्वो. मन मेइ खाय-ज (दार उघडे नाही) यात ज सुद्धा राहतो. वाक्याच्या शेवटचा दुसरा ल मेइ सोबत दिसला तर बहुधा आधी कालावधी असतो, जसे 'सान थ्येन मेइ खान शू ल', म्हणजे 'तीन दिवस झाले, पुस्तक वाचलेले नाही'.

जागा कुठे गाळली आहे याकडेही पाहावे. योयोंग (पोहणे) आणि ज्येनम्येन (भेटणे) एकेक शब्द वाटतात, पण त्यांचे दोन तुकडे होतात आणि ग्वो मध्ये शिरतो: यो-ग्वो योंग, ज्येन-ग्वो म्येन. जाऊन काहीतरी केले असे वाक्य असेल तर ल जाण्यामागे नव्हे, तर नंतरच्या क्रियापदामागे लागतो: 'था छ्यु शूद्येन माय-ल ल्यांग बन शू', तो पुस्तकांच्या दुकानात जाऊन दोन पुस्तके घेऊन आला.

आता एक पूर्ण उतारा सोडवून पाहता येईल. बीजिंगमध्ये नुकताच शिकायला आलेला भारतीय विद्यार्थी बोलतो आहे. प्रत्येक आकड्याच्या जागी ल, ग्वो, ज यांपैकी एक भरायचा आहे किंवा काहीच भरायचे नाही.

वो यीछ्येन मेइ छ्यु (१) बीजिंग. ज्वोथ्येन वो माय (२) यी जांग दीथू, ज्यो छ्यु जाओ शूद्येन. शूद्येन-द मन खाय (३), लीम्येन ज्वो (४) हन द्वो रन. वो वन लाओबान: 'नी छ्यु (५) यिनदु मा?' लाओबान श्वो: 'मेइयो. श्याओ शर-होउ वो छांगछांग खान (६) यिनदु द्येनयिंग.' थ्येन हेइ (७). वो श्वो: 'मिंगथ्येन श्या (८) ख, वो जाय लाय.'

अर्थ असा: मी पूर्वी बीजिंगला गेलेलो नव्हतो. काल एक नकाशा विकत घेतला आणि पुस्तकांचे दुकान शोधायला निघालो. दुकानाचे दार उघडे होते, आत बरेच लोक बसलेले होते. मी मालकाला विचारले, 'तुम्ही कधी भारतात गेला आहात का?' मालक म्हणाला, 'नाही. लहानपणी मी नेहमी भारतीय सिनेमे पाहायचो.' अंधार झाला. मी म्हणालो, 'उद्या तास सुटला की पुन्हा येतो.'

पहिल्या जागी डावीकडे मेइ आहे. ल तिथेच बाद. जाणे ही टिकणारी अवस्था नाही, म्हणून ज ही बाद. उरतो ग्वो, आणि यीछ्येन त्याला दुजोरा देतो. दुसऱ्या जागेच्या उजवीकडे 'यी जांग', म्हणजे एक नग, असे माप आहे आणि पुढे ज्यो ने दुसरी घटना जोडली आहे. ल. तिथे ग्वो घातला तर नकाशा घेणे हा जुना अनुभव होतो आणि 'मग दुकान शोधायला निघालो' याच्याशी त्याचा धागा तुटतो.

तिसरी जागा विचार करायला लावते. नुसते 'दार उघडले' असे असते तर खाय-ल चालला असता. पण पुढचे अर्धे वाक्य आतले दृश्य दाखवते, काय घडले ते नव्हे, म्हणून खाय-ज. चौथी जागाही त्याच दृश्याचा भाग आहे, ज्वो-ज. भूतकाळातली गोष्ट असूनही दोन्हीकडे ज आला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मराठीत आपण 'बसलेले होते' म्हणतो. त्यातले 'होते' चिनीत ज्वोथ्येन ने आधीच सांगून टाकले आहे, आणि 'बसलेले' एवढेच ज कडे आले.

पाचव्या जागी मालक समोर बीजिंगमध्ये उभा आहे आणि प्रश्न त्याच्या अनुभवाचा आहे, म्हणून ग्वो. छ्यु-ल मा असे विचारणे व्याकरणात चुकीचे नाही, पण त्याचा अर्थ होतो 'तुम्ही जाणार होतात, ते गेलात का?', आणि अनोळखी माणसाला असे कुणी विचारत नाही. सहावी जागा रिकामी ठेवायची. लहानपण कधीच सरले, पण छांगछांग असल्यामुळे पाहणे सवयीचे झाले. (राज कपूरचा 'आवारा' चीनमध्ये अतिशय लोकप्रिय होता, त्यामुळे वयस्क दुकानदाराच्या तोंडी हे वाक्य अगदी स्वाभाविक आहे.) सातव्या जागी वाक्य संपते आणि स्थिती बदलते, उजेडाचा अंधार होतो: दुसरा ल. आठव्यात उद्याचा तास आधी पुरा व्हायचा आहे, म्हणून पहिला ल.

आठ जागांत ल तीनदा आला. त्यांपैकी एक काल घडलेल्या गोष्टीसाठी, एक तिथल्या तिथे बदललेल्या स्थितीसाठी आणि एक उद्यासाठी. 'ल म्हणजे भूतकाळ' असे धरून बसलेल्या विद्यार्थ्याने आठवी जागा चुकवली असती, सहावीत नको तो ल घातला असता, आणि तिसऱ्या-चौथ्या जागीही बहुधा ल च लिहिला असता. आठांपैकी चार जागा गेल्या असत्या, आणि चारही एकाच कारणाने. तपासणाऱ्या शिक्षकाला उत्तरपत्रिकेवरून हे कारण ओळखता येते: चुका इकडेतिकडे विखुरलेल्या नसतात, काळ दाखवणाऱ्या शब्दांभोवती गोळा झालेल्या असतात.

मात्र प्रत्येक वेळी दोष विद्यार्थ्याचा असतोच असे नाही. 'वो खान ( ) ना बू द्येनयिंग', म्हणजे 'मी तो सिनेमा पाहिला', एवढेच एकटे वाक्य देऊन एकच उत्तर मागणारे प्रश्न अनेक स्वाध्यायांत आढळतात. इथे खान-ल आणि खान-ग्वो दोन्ही बरोबर आहेत. काल रात्री काय केले असे विचारले असेल तर ल, सिनेमाची चर्चा चालू असताना 'तो मला ठाऊक आहे' असे सांगायचे असेल तर ग्वो. उत्तरसूचीत एकच अक्षर छापले असेल तर ती सूची अपुरी आहे. हे तीन शब्द बोलणाऱ्याची दृष्टी सांगतात, आणि ती दृष्टी एकट्या वाक्यात सहसा मावत नाही. म्हणून स्वाध्याय निवडताना किंवा तयार करताना प्रत्येक गाळलेल्या जागेच्या आधी आणि नंतर निदान एकेक वाक्य असावे, आणि 'काहीच भरू नये' हा पर्याय दरवेळी दिलेला असावा.